ढवळ्या घरी आला: हरवलेल्या खेळण्याची झोपतानाची गोष्ट बनवताना काय काय झालं

ज्यांच्या घरी चारेक वर्षांचं मूल आहे आणि त्याचं जीव की प्राण असलेलं खेळणं नुकतंच हरवलंय त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्याकडे हे सगळं जून-जुलैमध्ये झालं, तेव्हा कुणीतरी आधीच असं लिहून ठेवलेलं मिळालं असतं तर बरं झालं असतं असं सारखं वाटत होतं. गोष्ट अख्खी खाली दिलीय, घाई असेल तर थेट तिकडे जा.

14 जून 2025, शनिवार. दादरहून शाळेची खरेदी करून परत येत होतो, सोमवारी 16 तारखेला शाळा सुरू होणार होती, म्हणून रेनकोट, डबा, बाटली असलं सगळं. लेक लेडीज डब्यात खिडकीपाशी बसलेली आणि तिच्या मांडीवर हत्ती. हा हत्ती आजीने जुन्या लुगड्याचा शिवलेला, एक कान कुरतडून कुरतडून चपटा झालेला. पार्ल्याला गर्दीतून उतरलो, रिक्षा केली, घरी आलो आणि पिशव्या रिकाम्या करताना कळलं की हत्ती नाही.

रेल्वेचं काय केलं ते थोडक्यात सांगते कारण कुणाला तरी लागेल. 139 ला फोन केला. रेल्वेचा हेल्पलाइन नंबर हाच आहे, रेलमदद ॲपवरूनही तक्रार करता येते. ते विचारतात कुठली गाडी, किती वाजताची, कुठला डबा, कुठल्या बाजूची सीट. लोकलमध्ये डब्याचा नंबर आत लिहिलेला असतो पण तो आपण जन्मात कधी बघत नाही, तर निदान गाडीची वेळ, कुठून कुठे जाणारी, स्लो की फास्ट आणि लेडीज पुढचा, मधला की मागचा एवढं तरी सांगता यायला हवं. तक्रारीचा नंबर आला मेसेजने. दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात पण जाऊन आले, त्यांनी वर्णन नीट लिहून घेतलं, "कापडी हत्ती, निळा, एक कान चपटा" असं. खेळण्याचा फोटो फोनमध्ये असेल तर दाखवा, माझ्याकडे सुदैवाने पन्नास होते. मग वाट बघणं. पुढे एका दिवशी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, हत्ती काही आला नाही.

खरा प्रश्न रात्रीचा होता. दिवसा ती ठीक असायची, शाळेचं नवं नवं होतं. पण लाइट बंद केली की "हत्ती कुठे झोपला असेल?" सुरू, आणि लगेच मागणी की हत्ती घरी येतो ती गोष्ट सांग.

आता इथे थांबून विचार करावा लागतो. सासूबाईंनी पहिल्याच रात्री प्रेमाने सांगून टाकली, हत्ती गाडीतून उतरला, चालत चालत आला, टिंग टाँग बेल वाजवली. छान झोपली पोर. सकाळी उठून तडक दारात. दार उघडायला लावलं, चपलांच्या स्टँडमागे बघितलं, लिफ्टपाशी बघितलं. चार वर्षांच्या मुलाला गोष्टीतलं आणि खरं वेगळं असतं हे साधारण कळतं, म्हणजे वाघ बोलत नाही वगैरे त्यांना माहीत असतं, पण जी गोष्ट त्यांना मनापासून हवी असते तिथे ती रेघ पुसट होते. तिच्याच हत्तीची गोष्ट सांगितली की ती गोष्ट राहत नाही, तो आपण दिलेला शब्द होतो. सासूबाईंनाही सकाळचा तो प्रकार बघून कसंतरी झालं, त्याच म्हणाल्या की दुसरं काहीतरी खेळणं घे बाई गोष्टीत.

म्हणून ठरलं की गोष्टीतलं खेळणं वेगळं, मूल वेगळं, नाव वेगळं. हत्तीबद्दल दिवसाउजेडी सरळ सांगायचं, हरवला, आपण शोधला, अजून मिळाला नाही. आणि रात्री ढवळ्याची गोष्ट. ढवळ्या म्हणजे चाकं लावलेला लाकडी बैल, मिनू नावाच्या मुलीचा. बैलच का, तर चाकं असल्यामुळे तो स्वतः हलू शकतो, आणि चाकांचा आवाज काढता येतो. कापडी खेळणं असतं तर त्याला कुणीतरी उचलूनच आणावं लागलं असतं, आणि मला खेळणं स्वतः घरी यायला हवं होतं. हरवलेल्याने नुसतं पडून राहायचं आणि मोठ्या माणसाने सोडवायचं ही वेगळी गोष्ट झाली.

पुढची अडचण, येणार कसा? दादर ते पार्ला बैल चालत येणार म्हटलं तर लेकीचे प्रश्न तयार. रस्ता क्रॉस कसा केला, सिग्नल होता का, माहीमला गाडी बदलली का. नवऱ्याने सुचवलेलं की पोलीस आणून सोडतो, त्यावर तिने "पोलिसांना पत्ता कुणी सांगितला?" विचारलं आणि तो आडवा झाला. या वयाला जादू चालते, पण "कसं" याचं उत्तर नसलेलं चालत नाही. आणि उत्तर तिच्या ओळखीचं लागतं.

ते उत्तर आमच्या दारातच रोज येत होतं. नवऱ्याचा डबा डबेवाल्यांकडून जातो. सकाळी मामा डबा नेतात, दुपारी जेवण झालं की रिकामा डबा त्याच रस्त्याने उलटा परत येतो, संध्याकाळी पाचच्या आसपास दारात. 1890 पासून मुंबईत हे चाललंय, झाकणावरच्या खुणा आणि अक्षरं बघून डबे हातोहात बदलत जातात, दादरसारख्या स्टेशनवर त्यांची वाटणी होते. लेकीला यातलं एवढंच माहिती होतं की डबा सकाळी जातो आणि संध्याकाळी येतोच. आणि मला नेमकं तेवढंच हवं होतं. जी गोष्ट रोज न चुकता घरी परत येते तिच्यावर खेळणं बसवून दिलं की काम झालं, पुढचं मूलच पटवून घेतं. मग बैलाच्या पोटावर डब्यासारखीच खूण असायला हवी, तीही सोपी झाली, बाबांनी डब्याला पिवळा गोल काढला आणि उरलेला रंग ढवळ्याच्या पोटाला लावला.

हे ठरल्यावर गोष्ट दोन-तीन दिवसांत उभी राहिली, पण नीट बसायला आषाढी उजाडली. रोज रात्री सांगायची आणि ती कुठे उठून बसते, कुठे गप्प होते ते बघायचं. माझ्याकडे एक मस्त मीटर होतं, ती झोपताना तिचा पाय माझ्या पोटरीला लावून ठेवते, गोष्टीत "खुडुक खुडुक" आलं की पायाची बोटं तालात हलतात. शेवटच्या भागात बोटं थांबली तर गोष्ट बरोबर चाललीय, आणि पाय काढून ती कोपरावर उठली तर तिथे काहीतरी जास्त झालंय.

जास्त काय झालेलं ते सांगते. सुरुवातीला ढवळ्या एक रात्र स्टेशन मास्तरांच्या कपाटात राहत होता, खऱ्या आयुष्यात मी नुकतीच तिकडे जाऊन आले होते म्हणून डोक्यात ते आलेलं. पण "कपाटात लाइट होती का?" हा प्रश्न आला आणि झोप उडाली. तिला स्वतःला अंधारात झोपायचंय आणि आपण खेळण्याला अंधारात एकटं ठेवतोय, कसं चालेल. मग रात्र काढून टाकली, सगळं दुपार ते संध्याकाळ, बाहेर अंधार पडायच्या आत घरात. डबेही त्याच वेळेला परत येतात त्यामुळे हिशोब आपोआप जुळला.

दुसरं म्हणजे भीती. गाडी निघून जाते तिथे ती नेमकी त्याच जागी विचारायची, "त्याला भीती वाटली का?" नाही म्हटलं तर पटायचं नाही. खूप वाटली, खूप रडला असं रंगवलं तर ती रडवेली. शेवटी एकच वाक्य ठेवलं, "थोडीशी भीती वाटली", आणि पुढच्याच वाक्याला कुणीतरी सोबतीला. ही जागा तुमच्या गोष्टीतही येणारच, तिथे भीती लपवू नका आणि तिथे रेंगाळूही नका.

तिसरं, नियम. खेळणी माणसांशी बोलतात की नाही हे एकदा ठरवावं लागतं. आमच्याकडे ठरलं की माणसांना ऐकू येत नाही, प्राण्यांना येतं. यामुळे गोष्टीला एक छान अडचण मिळाली, बैलाला मामांना सांगता येत नाही, दाखवावं लागतं. एका रात्री कंटाळून मी फुलवाल्या आजींना बोलतं केलं तर लगेच "माणसांना ऐकू येत नाही ना!" असा दम मिळाला.

आणि चौथं, स्टेशनं. झोप आणण्यासाठी शेवटी काहीतरी एकसुरी, पुन्हा पुन्हा येणारं लागतं, आणि लोकलच्या स्टेशनांइतकं एकसुरी आपल्याकडे दुसरं काय आहे. पण दादरनंतर स्लोला माटुंगा, माहीम, बांद्रा, खार, सांताक्रूझ, पार्ला एवढी सगळी घेतली की ती मध्येच भरकटायची. चार बरोबर बसतात. पहिली दोन गाळली तर "माहीम राहिलं!" म्हणून ओरडा, कारण येता-जाता अनाउन्समेंट ऐकून पाठ. मग ढवळ्याला माटुंगा-माहीमला डुलकी लागते असं केलं, तेव्हापासून शांतता आहे.

तर ही गोष्ट. अंधारात, पुस्तकाशिवाय सांगायची. सावकाश सांगितली तर पाच-सहा मिनिटं जातात.

ढवळ्या घरी येतो

एक होता बैल. लाकडाचा, पांढरा पांढरा. त्याचं नाव ढवळ्या. त्याला होती चार चाकं. चालला की आवाज यायचा, खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

ढवळ्या होता मिनूचा. मिनू जेवायला बसली की ढवळ्या ताटाशेजारी. मिनू झोपली की ढवळ्या उशीशेजारी. आणि ढवळ्याच्या पोटावर होता एक पिवळा गोल. बाबांच्या डब्यावर पण तस्साच पिवळा गोल. बाबांनी एकाच ब्रशने दोन्ही काढले होते.

एकदा मिनू आणि आई दादरला गेल्या. येताना गाडीत चढल्या, आणि मिनूच्या पिशवीतून ढवळ्या टुपकन खाली पडला. प्लॅटफॉर्मवर. गाडी निघाली. गेली.

ढवळ्याला थोडीशी भीती वाटली. तेवढ्यात बाकाखालून एक मांजर आलं. म्यांव. मांजर म्हणालं, "तू कुणाचा?"

ढवळ्या म्हणाला, "मी मिनूचा. मला घरी जायचंय."

मांजर म्हणालं, "मिनूचं घर मला माहीत नाही. पण इथे पाय पडतील. चल माझ्यासोबत." मांजर पुढे, ढवळ्या मागे. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

तिथे बसल्या होत्या फुलवाल्या आजी. टोपलीत झेंडू, टोपलीत शेवंती. आजींनी ढवळ्याला बघितलं. पदराने त्याला पुसलं. पाठीवर एक झेंडूचं फूल ठेवलं. ढवळ्या मनात म्हणाला, "मी मिनूचा. मला घरी जायचंय." पण माणसांना खेळण्यांचं ऐकू येत नाही ना.

मग आले डबेवाले मामा. डोक्यावर पांढरी टोपी, आणि लांबच लांब फळीवर डबे, डबे, डबे. सगळे रिकामे. सगळे घरी चाललेले. मामांनी फळी खाली ठेवली. ढवळ्याने बघितलं, एका डब्यावर पिवळा गोल!

ढवळ्या निघाला. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. डब्याजवळ गेला. आता सांगायचं कसं? ढवळ्याने विचार केला. आणि काय केलं? टुण्णकन उलटा झाला. चार चाकं वर, पोट वर!

मामांनी बघितलं. पिवळा गोल. डब्यावर बघितलं. पिवळा गोल. मामा हसले. "अरे, तू तर आमच्याच डब्यासोबतचा!" मामांनी ढवळ्याला डब्याशेजारी ठेवलं. आणि सगळे गाडीत चढले.

गाडी हलली. ढवळ्याला डुलकी लागली. माटुंगा गेलं, माहीम गेलं, त्याला कळलंच नाही.

मग आलं बांद्रा... गाडी थांबली, गाडी निघाली.
मग आलं खार... गाडी थांबली, गाडी निघाली.
मग आलं सांताक्रूझ... गाडी थांबली... गाडी निघाली...
मग आलं पार्ला.

मामा उतरले. सायकलवर डबे. रस्ता, कोपरा, गेट, जिना. दारात मिनू उभी होती. मामांनी डबा दिला. आणि डब्यासोबत काय दिलं?

ढवळ्या.

मिनू काहीच बोलली नाही. तिने त्याला पोटाशी धरलं. मग मिनू जेवली, ढवळ्या ताटाशेजारी. मग मिनू झोपली, ढवळ्या उशीशेजारी. पाठीवरचं झेंडूचं फूल आईने देवापाशी ठेवलं. आणि ढवळ्याची चाकं हळूच म्हणाली, खुडुक... खुडुक... खुडुक...

सांगताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. "आता सांगायचं कसं?" इथे थांबा, मुलाला सांगू द्या, आमच्याकडे ती गादीवरच उलटी होऊन पाय वर करून दाखवायची, करू दे, तेवढा दंगा तिथेच संपतो. त्यानंतर मात्र आवाज खाली आणायचा आणि स्टेशनांच्या मध्ये आपण स्वतः लांब श्वास सोडायचा, मुलाचा श्वास आपल्या श्वासामागे येतो. "गाडी थांबली, गाडी निघाली" यात एक शब्दही बदलायचा नाही. घरी पोचल्यावर पार्टी, केक, नाच असलं काही घालू नका, मिनू काहीच बोलत नाही हे मुद्दाम आहे. तिथे मिनूने "हुर्रे" केलं की आपलंही मूल "हुर्रे" करतं आणि मग साडेदहा वाजतात.

खर्च म्हणाल तर जवळजवळ काही नाही. जुलैच्या शेवटी लेकीने काढलेल्या चित्रांचं छोटं पुस्तक केलं, कलर प्रिंट आणि स्पायरल मिळून दीडशेच्या आत झालं. पण ते दिवसाचं पुस्तक, रात्री लाइट बंदच. एका दुकानात अगदी तसाच चाकांचा लाकडी बैल दिसला होता, नवरा घेऊया म्हणाला, मी हात जोडले. उद्या तो हरवला तर मी कुठली गोष्ट सांगू.

हत्तीचं विचाराल, तर ती अजूनही अधूनमधून विचारते, पण आता दुपारी, जेवताना वगैरे, आणि उत्तर ऐकून पुढे वरणभात खाते. आजीने दुसरा शिवू का विचारलं तर "नको, ससा शिव" म्हणाली. सशाच्या पोटावर पिवळा गोल मागितला, तो आजीने पिवळ्या धाग्याने भरून दिलाय.

सेंट्रलवाल्यांनी घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप घ्या, म्हणायला उत्तम बसतं. हार्बरवाल्यांना चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, वाशी, पण वाशीच्या आधी खाडीचा पूल येतो, तिथे मूल जागं होऊन "पाणी किती खोल?" विचारणार, त्याची तयारी ठेवा. आणि ज्यांच्याकडे डबेवाले येत नाहीत त्यांनी आपल्या घरी रोज ठरल्या वेळी परत येणारं दुसरं काहीतरी शोधा, शाळेची व्हॅन, इस्त्रीवाल्याचं गाठोडं, काहीही. फक्त ते मुलाने रोज स्वतःच्या डोळ्यांनी येताना बघितलेलं असायला हवं.